लाकडाची ओळ वेगळी लिहा

> कोटेशन दिलं आणि डिलिव्हरीपर्यंत लाकूड महागलं, तर फरक कोणी सोसायचा?

लाकूड मजुरीत मिसळू नका, वेगळी ओळ लिहा. पलंगात 6 घनफूट बसणार असेल, तर कापण्यात-रंधण्यात जाणारं धरून 8 लिहा. शेजारी आजचा दर आणि त्याची मुदत. दर चढला तर फरक गिऱ्हाइकाने द्यायचा, पण फक्त त्या 8 घनफुटांवर, आणि दर उतरला तर गिऱ्हाइकाला परत, हेही लिहा. त्यानेच विश्वास बसतो. लाकूड एकूण रकमेच्या 40 टक्के असेल आणि 15 टक्के महागलं, तर बिल 6 टक्केच वाढतं. मी ॲडव्हान्स लाकडाच्या किमतीएवढा घेतो आणि त्याच दिवशी माल उचलतो. तिथे दर पक्का. ॲडव्हान्स मुदतीनंतर आला, तर नवा दर.