'अव त्वं माम्' म्हणजे देवाला हुकूम का?

वाटसरू: रोज अथर्वशीर्ष म्हणतो. 'अव त्वं माम्', 'पाहि पाहि समन्तात्', हे सरळसरळ आज्ञार्थ आहेत. देवाला ऑर्डर सोडायची? विनंतीला वेगळं रूप नव्हतं का संस्कृतात? कुणाला काही वाटतच नाही.

जुनीवही: वाटण्यासारखं काही असेल तर वाटेल ना. शाळेत लोट् म्हणजे 'आज्ञार्थ' असं घोकून घेतात तिथेच घोळ होतो, लोट् विनंतीलाही चालतो आणि आशीर्वादालाही, पाणिनीचं सूत्रच आहे 'आशिषि लिङ्लोटौ'. गुरू शिष्याला 'गच्छ' म्हणाला तर हुकूम, तुम्ही गणपतीला 'अव' म्हणालात तर गयावया. 'देवा, सांभाळ रे' म्हणताना काय दम देता का त्याला?

दत्तू: पण खास आशीर्वादाचं रूप, आशीर्लिङ्, वेगळं आहेच की, भूयात् वगैरे. अथर्वशीर्षातच 'तन्नो दन्तिः प्रचोदयात्' आहे. म्हणजे फरक माहीत होता, 'अव' मुद्दाम हक्काने म्हटलंय.

जुनीवही: शेवटी 'यात्' दिसलं की झालं आशीर्लिङ्? तसं असतं तर मधला 'अय' गळून 'प्रचोद्यात्' झालं असतं. हा लेट् आहे, वेदातलं इच्छा सांगणारं रूप, पुढच्या संस्कृतात तो उरलाच नाही. मंगलाष्टकातलं 'कुर्यात् सदा मंगलम्' पण विधिलिङ् आहे, म्हणजे 'करावं' असं सांगणारं रूप, आशीर्लिङात 'क्रियात्' येतं.

मुक्ता: ते लेट् लोट् राहू द्या, 'अखंड सौभाग्यवती भव' चं काय ते सांगा. नवरा आयसीयूत असताना एक नातेवाईक बाई डोक्यावर हात ठेवून हेच म्हणाल्या. 'भव', म्हणजे तू हो! तो जगला पाहिजे ही जबाबदारी पण माझीच? त्याला 'आयुष्मान् भव' ते त्याच्यासाठी, आणि मला दिलेला आशीर्वाद पण त्याच्यासाठीच.

जुनीवही: जे ऐकणाऱ्याच्या हातात नाही त्याचा हुकूम देता येत नाही हो. 'जलम् आनय' म्हटलं तर उठून पाणी आणता येतं, आयुष्मान् कोण ठरवून होणार? म्हणून ती इच्छाच.

मुक्ता: हातात नव्हतं म्हणूनच तर संताप आला. तुमचं व्याकरण आयसीयूच्या बाहेर बसून सांगा कुणाला तरी.

दत्तू: मग 'भूयाः' म्हणावं. त्यात हुकुमाला जागाच नाही.

जुनीवही: चला, एक तरी बरोबर बोललात. लोट् च हवा असेल तर 'भवतात्', 'जीवतात्' आहे, तो 'तात्' पाणिनीने आशीर्वादापुरताच ठेवलाय.

मुक्ता: रूप बदललं तरी मागणं नवऱ्याचंच ना?

वाटसरू: ठीक आहे बाबा, हुकूम नाही, मान्य. उद्या आईला 'चहा दे' म्हटलं आणि ती भडकली तर सांगतो, हा प्रार्थनेचा लोट् आहे म्हणून.

मुक्ता: म्हणजे चहा आईच करणार तर.