इमारतीचं नाव: अर्थ आधी की स्पेलिंग आधी?

बी_विंगचा_सचिव
आमची ठाण्यात 28 घरांची सोसायटी आहे. पुनर्विकासात नवी इमारत जवळजवळ तयार झालीये. बिल्डर म्हणतो, पंधरा दिवसांत नाव द्या, नाहीतर पाटीवर मी माझंच टाकतो. सभासदांकडून आलेल्यातली पाच नावं उरली आहेत: अनिकेत, कृतार्थ, आशीर्वाद, मातृछाया, ऋणानुबंध. शुभ हवं आणि मराठी हवं, एवढ्यावर एकमत आहे. यातलं अर्थाने चोख कोणतं आणि लिहायला सोपं कोणतं? रविवारी सभा आहे.

शब्दांचा_पसारा
सर्वांत आधी अनिकेत काढा. निकेत म्हणजे घर, त्याला 'अ' लागला की घर नसलेला. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचं वर्णन करताना हाच शब्द आलाय, 'अनिकेतः स्थिरमतिः'. तिथे ती स्तुती आहे, कारण तो माणूस घरादारात अडकलेला नाही. पण चार वर्षं भाडं भरून नव्या घरात शिरणाऱ्या 28 कुटुंबांच्या डोक्यावर 'बेघर' अशी पाटी कशाला?

ऋणानुबंध गोड आहे, पण ऋण त्यात उघड बसलंय. गृहकर्ज काढलेले सभासद रोज हसतील किंवा रडतील. कृतार्थ म्हणजे ज्याचं ठरवलेलं काम साधलं तो. अर्थ चांगला, पण मला त्यात सेवानिवृत्तीच्या समारंभाचा वास येतो. आशीर्वादात काहीच गैर नाही, फक्त पाटीवाल्याला रफार 'वा'वर द्यायला सांगा. 'आर्शिवाद' लिहिलेल्या पाट्या मी स्वतः डझनभर पाहिल्यात, त्यातल्या दोन लग्नाच्या हॉलवर.

चौथा_मजला
पसारासाहेब, अतिशहाणपणा होतोय हा. अनिकेत हे शंकराचं नाव आहे. माझ्या भाच्याचं नाव अनिकेत आहे, त्याची दोन घरं आहेत. शब्दकोश उघडून कोण पत्ता विचारतं? कानाला छान वाटतं, जोडाक्षर नाही, इंग्रजीत Aniket एकाच तऱ्हेने लिहितात. आणखी काय पाहिजे? शिवाय आता मराठी पाटी कायद्याने सक्तीचीच आहे, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगची एवढी काळजी कशाला?

शब्दांचा_पसारा
शंकराचं म्हणून सांगतात, मान्य. पण तिथेही तो घर नसलेला, स्मशानात राहणारा म्हणूनच अनिकेत. भाच्याचं नाव ठेवताना अर्थाची छाननी होत नाही, त्याला माझी हरकत नाही. इमारतीच्या नावाचा मात्र घराशी थेट संबंध आहे, म्हणून खटकतं. पुण्यात वैकुंठ म्हटलं की लोकांना आधी स्मशानभूमी आठवते, तसंच आहे हे. कोशातला अर्थ कितीही मंगल असो, गावात शब्दाला काय चिकटलंय तेही बघावं लागतं.

निवृत्त_कारकून
सचिवसाहेब, सोसायटीचं नाव बदलणं वाटतं तितकं सोपं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 15. सर्वसाधारण सभेत ठराव करायचा, मग निबंधकाची मंजुरी घ्यायची. त्यानंतर उपविधी, बँक खातं, पॅन, शेअर सर्टिफिकेट, जमिनीचे कागद, सगळीकडे नवं नाव चढवत बसायचं. आमच्या कार्यालयात एका संस्थेचे लोक यासाठी किती खेटे घालायचे ते मी बघितलंय. पंधरा दिवस विसरा.

आणि चौथा मजला, मराठी पाटीची सक्ती दुकानं आणि आस्थापनांना आहे. राहत्या इमारतीच्या फाटकाला तो नियम लागत नाही.

बी_विंगचा_सचिव
काका, सोसायटीचं नोंदणीकृत नाव आम्ही हलवतच नाही. फक्त इमारतीला नाव द्यायचंय.

निवृत्त_कारकून
असं होय. मग निबंधकाकडे जायचं काम नाही, सभेचा साधा ठराव पुरे. पण एक बघा, तुमच्या पत्त्यात आता तीन नावं येणार. एक सोसायटीचं, दुसरं बिल्डरने महारेरात नोंदवलेलं प्रकल्पाचं, तिसरं पाटीवरचं. नवीन घरांच्या करारनाम्यांत प्रकल्पाचं नाव आधीच छापलं गेलंय. मी तुमच्या जागी असतो तर सोसायटीचंच नाव इमारतीला दिलं असतं. एक नाव तरी कमी झालं असतं.

बी_विंगचा_सचिव
विचार केला होता. सोसायटीचं नाव भूखंडाच्या मूळ मालकाच्या आडनावावरून आहे, आणि त्या घराण्याशी आमची वीस वर्षं कोर्टात ओळख आहे. ते नाव पाटीवर गेलं तर सभेत खुर्च्या उडतील.

ऋतुगंध_302
मी स्पेलिंगच्या बाजूने, आणि स्वतःचा अनुभव म्हणून सांगते. आमच्या इमारतीचं नाव ऋतुगंध. अर्थ सुंदर, नाव ठेवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. करारनाम्यात RUTUGANDH छापलं. वीज जोडणीच्या अर्जात कुणीतरी RITUGANDH लिहिलं, बिलावर तेच आलं. आधारवर माझं Rutugandh आणि यजमानांचं Ritu Gandh, दोन शब्दांत. टॉप-अप कर्जासाठी गेलो तर बँकेच्या माणसाने बिल आणि करारनामा शेजारी ठेवून विचारलं, ही एकच इमारत कशावरून? सोसायटीचं पत्र आणलं, ते चाललं नाही. मग पाचशेच्या स्टॅम्पवर 'दोन्ही नावं एकाच इमारतीची आहेत' असं लिहून नोटरी केली, तेव्हा गाडी पुढे सरकली. एका ऋकारासाठी.

तुमच्या यादीत कृतार्थ, मातृछाया आणि ऋणानुबंध, तिन्हींत ऋ आहे. आपण मराठी माणसं Kru, Matru, Run लिहितो. वीज कंपनीत, कुरिअरमध्ये, बँकेत बसलेला हिंदी भाषक सवयीने Kri, Matri, Rin लिहितो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि भोगणार तुम्ही. ज्ञचंही तसंच, आपलं Dnyan तर त्यांचं Gyan.

चौथा_मजला
ताई, म्हणजे बँकेतल्या कारकुनाला जमेल तेवढीच मराठी आपण वापरायची? मग ज्ञानेश्वर, कृष्णा, ऋषिकेश सगळे बाद. उद्या ळसुद्धा बाद. मला हे पटत नाही. त्यांना शिकू दे की.

ऋतुगंध_302
शिकतील तेव्हा शिकतील. तोवर नोटरीचे पैसे तुम्ही द्याल का?

मंगलमूर्ती_77
आमच्याकडे अंकशास्त्र बघून नाव ठेवलं होतं. बेरीज सात यायला हवी होती, म्हणून Aashirwaad, चारदा a. सुरुवातीला हसले लोक, पण दोन वर्षांत तीन फ्लॅट चांगल्या भावाने गेले. गुरुजींना विचारून घ्या, अर्थ काय आज आहे उद्या नाही.

शब्दांचा_पसारा
फ्लॅट भावाने गेले ते मेट्रोमुळे नाही ना? पण ते असो. जास्तीचे a घातले की ते फक्त पाटीवर राहतात, लिहिणारा आपल्या सवयीने Ashirwad किंवा Ashirvad लिहितो. म्हणजे w-v चा घोळ होताच, त्यात तुम्ही आणखी भर घातलीत.

सचिवसाहेब, मातृछायाबद्दल राहिलं. संस्कृतच्या नियमाने मातृच्छाया व्हायला हवं, कारण ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की त्याचा च्छ होतो. मराठीत मात्र घरोघरी मातृछायाच लिहितात आणि ते कानाला रुळलंय. तुमच्याकडे कुणी पंडित असतील तर ते उद्घाटनाच्या दिवशी हा मुद्दा काढतील, एवढं ध्यानात ठेवा.

सभेआधी एक करून पाहा. इमारतीशी संबंध नसलेल्या पाच जणांना फोन लावा. त्यातले दोघं तरी अमराठी असू द्या. नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि इंग्रजी अक्षरांत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा. ज्या नावाची पाचही उत्तरं सारखी येतील ते निदान कागदावर त्रास देणार नाही. अर्थासाठी शब्द फोडून बघा आणि शेवटी गावातल्या चार म्हाताऱ्यांना विचारा, हे ऐकून काय आठवतं.

माझ्याकडून एक भर: क्षेम. योग म्हणजे नसलेलं मिळणं, क्षेम म्हणजे मिळालेलं टिकणं. जुनं घर पाडून नवं मिळालेल्यांना याहून नेमका शब्द नाही. आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईतल्या मुख्य इमारतीचं नाव योगक्षेम आहे ते उगीच नाही.

पाटीवाला_नाही_पण_खजिनदार
अर्थ आणि स्पेलिंग दोन्ही ठीक, पण पाटी कशी लागते ते बघा. आमच्या इमारतीचं नाव राधाकुंज. स्टीलची सुटी अक्षरं, मागे खिळ्यासारखे रॉड, भिंतीत भोक पाडून चिकटवलेले. अनुस्वार म्हणजे लिंबाएवढा एकटा गोळा, त्याला एकच रॉड. दुसऱ्या पावसाळ्यात तो पडला. आम्ही आठ महिने राधाकुज मध्ये राहिलो. रिक्षावाले विचारायचे, काय कुजलंय? अनुस्वार आणि रफार असलेलं नाव घेणार असाल तर शिरोरेघेसकट अखंड कापलेली पट्टी करून घ्या, आणि अनुस्वारही तिलाच जोडलेला ठेवा. खर्च जास्त येतो, पण बांबूची परांची बांधून परत कुणाला वर चढवायला नको.

निवृत्त_कारकून
ठरावात नाव देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत, दोन्ही लिहा. इंग्रजीचं एकेक अक्षर सुटं लिहा, जोडून की तोडून तेही लिहा. त्याच ठरावाची प्रत बिल्डर, वीज, गॅस आणि मालमत्ता कराकडे एकदम पाठवा, पहिलं बिल निघायच्या आत. नंतर दुरुस्तीला प्रत्येकाचा वेगळा अर्ज लागतो.

बी_विंगचा_सचिव
काल फोन करून बघितले. पाच जण: माझी मेहुणी, गावचा मित्र, जुन्या ऑफिसमधले दोन उत्तर भारतीय सहकारी आणि वाण्याचा मुलगा.

Aniket: पाचही सारखी. चौथा मजला खूश होईल.
कृतार्थ: Krutarth दोन, Kritarth दोन, एक Kirtarth.
आशीर्वाद: Ashirwad तीन, Ashirvad, Aashirvad.
मातृछाया: पाच जणांची पाच.
क्षेम: Kshem दोन, Kshema, Shem. पाचव्याने उलट फोन करून विचारलं, 'शेम म्हणजे लाज ना?'

ऋणानुबंध सांगितलंच नाही, धीर झाला नाही.

मेहुणीने आपणहून सुमंगल सुचवलं. तेही पाचांना पाठवलं, Sumangal, पाचही सारखी. अर्थही सरळ. अनुस्वार आहे, तो पट्टीत बसवून घेऊ.

शब्दांचा_पसारा
सुमंगलला माझी हरकत नाही. पण लग्नसराईत कुणीतरी आहेराचं पाकीट घेऊन लिफ्टमध्ये शिरणार, याची तयारी ठेवा. कार्यालय वाटतं ते.

चौथा_मजला
अनिकेतला पाचपैकी पाच. मी सांगितलं होतं.

बी_विंगचा_सचिव
साहेब, 402 च्या आजींनाही विचारलं. अनिकेतचा अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या, 'चार वर्षं बेघरच होतो की रे.' आता हे त्यांचं मत धरायचं की विरोध, कळेना. रविवारी अनिकेत आणि सुमंगल दोन्ही मतदानाला ठेवतोय.