मदत हवी आहे: तान्ह्या पोळ्याच्या नंदी-संचासाठी क्राउडफंडिंगचे पान लिहिताना उद्दिष्ट आणि रिवॉर्ड कसे ठरवावेत?

चित्ररेखा_महाल

नमस्कार. मी नागपूरला महालात राहते आणि लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. तान्ह्या पोळ्यासाठी मी एक संच तयार केला आहे. त्यात न रंगवलेला लाकडी नंदी, त्याची चाकांची पाटी, रंग, ब्रश आणि एक सचित्र पुस्तिका आहे. नंदी घडवणारे सुतारकाका किमान दोनशे नगांची ऑर्डर असल्यास एक नंदी 260 रुपयांना देणार आहेत. रंग, पुस्तिका आणि खोके धरून एका संचाचा खर्च 420 रुपये होतो. व्हिडिओ, नमुने आणि छपाईच्या प्लेटा यांवर 22,000 रुपये वेगळे लागतील.

मी पानावर 3,00,000 रुपयांचे उद्दिष्ट लिहिले आहे आणि 101, 499, 999 व 10,000 असे रिवॉर्ड ठेवले आहेत. 499 ला एक संच मिळेल आणि 10,000 ला कार्यशाळा. पानाची सुरुवात अशी आहे: «आपल्या समृद्ध सांस्कृतिक वारशाचे जतन करण्यासाठी आम्ही एक आगळावेगळा उपक्रम घेऊन आलो आहोत.» उद्दिष्ट आणि रिवॉर्ड योग्य आहेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सक्करदरा_मंडळ

ताई, आमच्या वस्तीत दरवर्षी तान्हा पोळा भरतो आणि मुलांना बोजारा देण्यासाठी आम्ही घरोघरी वर्गणी काढतो. पावतीपुस्तक छापून घ्या आणि दुकानदारांकडे आधी जा, कारण त्यांच्याकडून मोठी रक्कम लवकर मिळते. मंडळाची नोंदणी आहे का, तेही कळवा.

चित्ररेखा_महाल

दादा, आभारी आहे, परंतु मी मंडळासाठी वर्गणी मागत नाही. लोक आधी पैसे भरतील आणि त्यांना पोळ्यापूर्वी संच घरपोच मिळेल, अशी ही योजना आहे.

विदर्भ_नवउद्योग

माझ्या मते उद्दिष्ट 50,000 रुपयेच ठेवावे. ते लवकर पूर्ण झालेले दिसले की नवे लोक विश्वासाने पैसे भरतात. शिवाय ही देणगी असल्यामुळे कराचा प्रश्न येत नाही. मोहीम थेट किकस्टार्टरवर टाकल्यास परदेशातील वैदर्भीय मंडळींपर्यंतही पोहोचता येईल.

छपाई_धंतोली

मी काही चित्रकारांच्या अशा मोहिमांची छपाई आणि पाठवणी सांभाळली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लवकर भरलेले उद्दिष्ट चांगले दिसते, हे वर म्हटलेले खरे आहे. पण 50,000 रुपये जमून मोहीम यशस्वी ठरली आणि तेवढ्या पैशांत दोनशे नंदी होत नसतील, तर संच देण्याचे बंधन तुमच्यावर येते आणि उरलेला खर्च घरातून करावा लागतो. किकस्टार्टर भारतात राहणाऱ्यांना मोहीम सुरू करू देत नाही. भारतातून तिथे फक्त पैसे भरता येतात. आणि मोबदल्यात वस्तू मिळणार असेल, तर ती देणगी राहत नाही, आगाऊ विक्री होते. परराज्यात माल जाणार असल्यामुळे जीएसटीबाबत सीएंना आधी विचारा.

आता तुमचा हिशेब पाहू. संचाचे 420, कुरिअरचे सरासरी 130 आणि बबल रॅप-टेपचे 20 धरले तर एक संच दारात पोहोचेपर्यंत 570 रुपये होतात. म्हणजे 499 च्या प्रत्येक संचामागे तुम्ही पदरचे पैसे घालत आहात आणि जितके पाठीराखे वाढतील तितका तोटा वाढेल. किंमत 799 धरा. प्लॅटफॉर्म आणि पेमेंट गेटवे यांचे मिळून मी दहा टक्के धरतो. नेमका दर तुमच्या प्लॅटफॉर्मवर पाहा. 80 रुपये वजा जाता 719 उरतात आणि त्यातून 570 गेले की एका संचामागे 149 रुपये राहतात. त्यांतून 22,000 भरून निघण्यासाठी 148 संच जावे लागतात. परंतु सुतारकाकांचा दर दोनशे नगांचा आहे, त्यामुळे दीडशेवर थांबलात तर पन्नास नंदी तुमच्या घरी पडून राहतील.

म्हणून उद्दिष्ट दोनशे संचांचे, म्हणजे 1,60,000 रुपयांचे ठेवा. सगळा खर्च जाऊन 7,800 रुपये उरतील. तो नफा समजू नका. शिंग मोडलेले आणि पत्ता चुकून परत आलेले दहा-बारा संच पुन्हा पाठवायला ते लागतील. 3,00,000 चा आकडा कशातून आला, हे तुमच्या पानावर कुठेच दिसत नाही, आणि विचारी माणूस तिथेच थांबतो. उद्दिष्ट पूर्ण न झाल्यास सर्वांचे पैसे परत जातील, अशीच पद्धत निवडा. अर्धे पैसे हातात घेऊन दोनशे नंदी करता येणार नाहीत.

रिवॉर्ड कमी करा. 101 ला टपालाने काहीही पाठवू नका, रंगवायचे चित्र मोबाइलवर द्या. 799 ला एक संच आणि 1,499 ला दोन नंदी एकाच पत्त्यावर, एवढे पुरे आहे, कारण भावंडे एका नंदीवर भागवत नाहीत. 10,000 ची कार्यशाळा नागपूरपुरती ठेवा आणि तिचे पैसे उद्दिष्टात मोजू नका.

चित्ररेखा_महाल

हिशेब पटला. पण कुरिअरवाल्याने मला एका खोक्याचे दीड किलोचे पैसे सांगितले आहेत, संचाचे वजन मात्र साडेआठशे ग्रॅमच आहे. मग 130 मध्ये कसे बसेल?

छपाई_धंतोली

खोक्याची मापे कळवा.

चित्ररेखा_महाल

25 × 20 × 15 सेंटिमीटर. नंदी पाटीवर बसवूनच ठेवला आहे.

छपाई_धंतोली

अडचण त्या उंचीतच आहे. कुरिअर कंपन्या सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून बहुधा 5000 ने भागतात आणि आलेला आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचेच पैसे घेतात. तुमचे 7500 भागिले 5000, म्हणजे दीड किलो. सुतारकाकांना पाटीत दोन भोके आणि पायांना खुंट्या करायला सांगा. नंदी आडवा आणि पाटी त्याच्याशेजारी ठेवली की उंची 9 वर येईल आणि हिशेब 900 ग्रॅमचा होईल. मुलांना नंदी स्वतः जोडायलाही मिळेल, आणि हे पानावर अवश्य लिहा. हे शक्य नसेल, तर किंमत आणि उद्दिष्ट दोन्ही वाढवावे लागतील.

खेळणी_इतवारी

एका गोष्टीचा उल्लेख राहिला आहे. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना सूट आहे. सुतारकाकांकडे कारागिराचे ओळखपत्र आहे का? असले, तरी विक्री तुमच्या नावाने होणार असल्यास सूट लागू होते की नाही, हे मी खात्रीने सांगणार नाही. बीआयएसच्या नागपूर शाखेत लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत मोहीम सुरू करू नका.

विदर्भ_नवउद्योग

ही तर पूजेची आणि सजावटीची वस्तू आहे, खेळणे नव्हे. तसेच लिहिले तर प्रश्न मिटेल.

खेळणी_इतवारी

चाके लावून, रंग देऊन आणि मुलांसाठी म्हणून विकायची, तर नुसते नाव बदलल्याने भागेल असे मला वाटत नाही.

छपाई_धंतोली

सहमत आहे. आता सुरुवातीबद्दल. वारसा आणि उपक्रम हे शब्द कोणत्याही पानावर चालतील. तुमच्या पानावर नंदी दिसला पाहिजे. मी असे लिहीन: «पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातील मुले लाकडी नंदी सजवून घरोघरी बोजारा मागायला निघतात. पुण्या-मुंबईत वाढणाऱ्या वैदर्भीय मुलांना असा नंदी सहज मिळत नाही. आमचा नंदी महालातील सुतारकाका हाताने घडवतात, रंग मात्र तुमचे मूल देईल. नमुना तयार आहे. दोनशे नंदी एकदम घडवण्यासाठी 1,60,000 रुपये हवे आहेत.» त्याखाली पैसे कशावर जाणार ते चार ओळींत सांगा आणि नमुन्याचा फोटो हातात धरून काढा, म्हणजे आकार कळेल.

तारीखही लिहा. पोळा श्रावण अमावस्येला येतो, पण पावसाळ्यात घडवलेले लाकूड फुगते आणि चाके अडकतात. मोहीम फेब्रुवारी-मार्चमध्ये संपली, तर एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या हवेत नंदी घडून होतील.

चित्ररेखा_महाल

सुतारकाकांकडे ओळखपत्र नाही, असे आत्ताच फोनवर कळले. नोंदणी करायला ते तयार आहेत, पण ती फेब्रुवारीपूर्वी होईल का, हे त्यांनाही माहीत नाही. नागपुरात कोणी अलीकडे अशी नोंदणी केली असेल, तर किती वेळ लागला ते कृपया कळवावे. त्यावरच मोहीम यंदा करायची की पुढच्या पोळ्याला, हे ठरेल.