कुंडीतली आक्रसलेली माती परत भिजवताना

> पाणी घातलं की लगेच खालून बाहेर येतं, पण पानं मलूलच

खालून आलेलं पाणी बघून फसू नका, ते कडेच्या फटीतून सरळ खाली गेलंय, मधला गोळा कोरडाच आहे. कुंडी उचलून बघा, पाणी घालूनही हलकी लागली की समजायचं. पीटवालं मिक्स एकदा पार वाळलं की आक्रसतं आणि पाणी ढकलूनच लावतं, कोकोपीट त्या मानाने लवकर भिजतं.

वरून ओतत बसण्यापेक्षा कुंडी टबात ठेवा, कोमट पाणी साधारण अर्ध्या उंचीपर्यंत, कोरडी कुंडी तरंगते म्हणून हाताने धरा नाहीतर टेकू द्या. वरची माती ओली दिसेपर्यंत राहू दे, अर्धा-पाऊण तास तरी जातोच, मोठ्या कुंडीला जास्त. मग काढून नीट निथळू द्या, रात्रभर बुडवून ठेवलंत तर मुळं गुदमरतील.

टब शक्य नसेल तर बारीक काडीने चारपाच भोकं पाडा (मुळं सांभाळून) आणि थोडं थोडं पाणी, मध्ये दहा मिनिटं थांबत. शेवटी कडेची फट नवीन मिक्सने भरा, नुसती दाबून बसवू नका. आणि खत त्या दिवशी नकोच, कोरड्या मुळांना भाजतं.