कीर्तनाच्या व्हिडिओत मधली जाहिरात नेमकी कुठे टाकायची?

श्रोता_सातारा: कीर्तनाच्या व्हिडिओत मधे जाहिराती टाकणाऱ्यांना काही वाटतं का? आख्यान रंगात येतं, बुवा क्षणभर थांबतात आणि लगेच साबण. मधल्या जाहिराती सरसकट बंद करा.

पेटीवाला: सरसकट बंद म्हणणं सोपंय, पण माइक, कॅमेरा आणि तबलजीचं मानधन कुठून आणायचं? मी एका कीर्तनाच्या चॅनलचं एडिटिंग करतो. यूट्यूबवर 8 मिनिटांच्या वरच्या व्हिडिओत मधल्या जाहिराती लावता येतात आणि ऑटोमॅटिक ठेवलं की यंत्रणा बोलण्यातला थांबा, प्रसंग बदलणं असलं काहीतरी शोधते. मुलाखतीत ते खपून जातं. कीर्तनात बुवा थांबतात ते पुढचं वाक्य काळजात जावं म्हणून, आणि जाहिरात नेमकी तिथेच पडते.

आमचं परवाचं सव्वा तासाचं नारदीय कीर्तन घ्या. 34व्या मिनिटाला पूर्वरंग संपला, मग हार, बुक्का, भजन, आणि 39ला उत्तररंग. सगळे म्हणतात हार घालताना टाका, तो आयता विराम आहे. पण तिथे ऐकणाऱ्याला वाटतं झालं कीर्तन, आणि तो उठतो. आम्ही ती भजनानंतर, बुवांनी आज कोणतं आख्यान लावणार ते सांगून झाल्यावर आणि पहिलं पद सुरू व्हायच्या आधी ठेवली. वाक्य तुटत नाही आणि पुढे काय येणार हे माणसाला कळलेलं असतं. उत्तररंगात एकही नाही.

कणकेचे_हात: पण स्किप कोण दाबणार? मी पोळ्या करताना ऐकते, फोन लांब खिडकीत. आईला तर दिसतच नाही, तिच्यासाठी लावून ठेवते आणि ती बिचारी जाहिरात संपायची वाट बघत बसते, आवाजही एकदम मोठा येतो. तुमचं 39 आणि 40 मिनिट तिला काय कामाचं?

पेटीवाला: ताई, स्किप होणारी का न होणारी हे आता आमच्या हातात नाही, फक्त मधली जागा आमच्या हातात आहे. तुमच्या आईसारख्यांसाठीच आम्ही कमी ठेवतो.

माळकरी: मुळात कीर्तनावर पैसा घ्यायचाच कशाला? तुकोबांनी स्वच्छ सांगितलंय, जिथे कीर्तन करावं तिथे अन्नसुद्धा घेऊ नये. तुम्ही इथे जागा शोधत बसलाय.

पेटीवाला: माउली, ते बुवांसाठी सांगितलंय. वायरी ओढणाऱ्या पोराने घरी काय न्यायचं?

माळकरी: जाहिरातीचा पैसा वायरीवाल्याला जातो का चॅनलवाल्याला, ते आधी सांगा! आमच्या गावच्या सप्त्यात एक जण शूटिंग करून गेला, गावाला विचारलं नाही, एक रुपया दिला नाही आणि वर त्यात जाहिराती.

श्रोता_सातारा: हे मात्र खरं. परवानगीशिवाय टाकणारे फार झालेत.

पेटीवाला: परवानगीशिवाय टाकणं चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तो भांडणाचा वेगळा विषय आहे.

माळकरी: वेगळा कसा? तोच मूळ आहे. आणि तुमचा पूर्वरंग-उत्तररंग वारकरी कीर्तनात नसतो. एकच अभंग दोन तास सोडवतात. तिथे कुठे टाकणार?

पेटीवाला: बरोबर, तिथे ही युक्ती चालत नाही. एक चरण सोडवून झाला, टाळकऱ्यांची चाल पूर्ण संपली आणि बुवा पुढचा चरण घ्यायच्या आधी, एवढीच जागा सापडते. चालीत टाकली तर ठेका तुटतो, मग काहीच उरत नाही. प्रत्येक चरणाला टाकायचीही गरज नाही.

आलेख_बघा: अंदाजाने कशाला, रिटेन्शनचा आलेख बघा ना. जाहिरातीच्या जागी रेघ खाली गेली की जागा चुकली, संपलं.

पेटीवाला: अर्धंच खरं. हाराच्या वेळी जाहिरात नसली तरी लोक जातात, तिथली घसरण जाहिरातीच्या माथी कशी मारणार? जाहिरात दोनेक मिनिटं पुढे सरकवायची आणि नवीन प्रेक्षक साठू द्यायचे. घसरण तिच्याबरोबर सरकली तर जाहिरातच कारण, जुन्या जागीच राहिली तर कीर्तनच तिथे सैल पडलंय. आणि जागा दिली म्हणजे प्रत्येकाला जाहिरात दिसतेच असं नाही, प्रीमियमवाल्यांना तर नाहीच, त्यामुळे खरी चीड आलेखात दिसते त्याहून जास्तच असते.

आलेख_बघा: बरं, सरकवून बघतो. पण हाताने जागा दिल्या तरी माझ्याकडे भलतीकडे का दिसतात?

पेटीवाला: ऑटोमॅटिकही सोबत चालू असेल. 2025पासून दोन्ही एकत्र चालतात, त्या व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा.

श्रोता_सातारा: आख्यान तुटणार नसेल तर एक जाहिरात सहन करीन. एकच.

माळकरी: मी नाही करणार. आणि सप्त्याच्या शूटिंगचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.