अनुभव धागा : निरोपाचे आणि ओळखीचे पत्र

वाळूजजवळच्या हॉटेलातून मी जुलैअखेर निघत आहे. माझ्या जागी येणाऱ्या महाव्यवस्थापकांची ओळख करून देणारे पत्र जुन्या पुरवठादारांना व कंपन्यांना पाठवायचे आहे. ज्यांनी असे पत्र लिहिले किंवा ज्यांच्या हाती आले, त्यांनी अनुभव लिहावेत.

निवृत्त महाव्यवस्थापक, छत्रपती संभाजीनगर : मी पहिल्यांदा सर्वांना एकच मेल पाठवला आणि आमच्याकडे कोणत्या कंपन्या उतरतात हे शहरभर कळले. त्याहून महाग पडली ‘पूर्वीच्या सर्व सवलती कायम राहतील’ ही ओळ. एका कंपनीचे अभियंते पहाटेच्या रेल्वेने येत. त्यांना सहा वाजता खोली देऊन जादा भाडे न लावण्याचे मी तोंडी कबूल केले होते, करारात मात्र दुपारी बाराची वेळ होती. नव्या साहेबांनी करारावर बोट ठेवले, कंपनीने माझे पत्र पुढे केले आणि दोन महिन्यांचे बिल अडकले. पुढच्या हॉटेलातून निघताना मी आधी तोंडी शब्दांची यादी केली, प्रत्येकापुढे मालकांकडून ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहून घेतले आणि त्या कंपनीला वेगळे पत्र दिले : ‘कराराचे दर ३१ मार्चपर्यंत तेच राहतील. पहाटेच्या आगमनाची सवलत महिन्याला दहा खोल्यांपर्यंत चालू आहे. १ ऑगस्टपासून आरक्षण व बिलाचे निर्णय नवे महाव्यवस्थापक घेतील.’

दूध-पनीर पुरवठादार, जालना : मला आलेल्या पत्रात माझ्या बारा वर्षांच्या सेवेचे कौतुक होते, येणे रकमेचा आकडा नव्हता. नव्या साहेबांनी प्रत्येक चलनावर स्टोअरची सही मागितली. माल पहाटे साडेपाचला उतरतो, तेव्हा सही करायला वॉचमनच असतो. अशी एकोणीस चलने बाजूला पडली.

हिशेबनीस, लातूर : आकड्याची गरज नाही. कायद्याने प्रत्येक पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात.

निवृत्त महाव्यवस्थापक : प्रत्येकाला नव्हे. तो नियम उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी आहे. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच असते, आणि नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला तिचा आधार मिळत नाही. शिवाय माल कोणत्या दिवशी पोहोचला हेच वादात असेल, तर मुदत मोजणार कुठून? म्हणून पत्राआधी खाते जुळवावे आणि शिल्लक स्वतंत्र कागदावर सहीनिशी द्यावी.

लॉजमालक, नांदेड : आमचा व्यवस्थापक न सांगता गेला आणि यात्रेकरूंचे गट आणणाऱ्यांचे सगळे नंबर त्याच्याच फोनमध्ये गेले. प्रश्न पत्राचा आहे हे मान्य, पण आम्ही ते पाठवावे कोणाला?

धागाकर्ता : सही माझ्या एकट्याची असावी की दोघांची?

खरेदी अधिकारी, शेंद्रा : दोघांची, लेटरहेडवर. हॉटेलचे बँक खाते बदललेले नाही, हेही स्पष्ट लिहावे. माणूस बदलल्याचे पत्र आले की काही दिवसांत नव्या खात्याचा बनावट मेल येतो. आमच्याकडे तो एकदा येऊन गेला आहे. आमच्याकडे मात्र मालकांचीही सही मागतात. ती खरोखर लागते का, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.