व्हॅलिडेशन: ताळा, पडताळा की वैधता?

रेवती_न: विद्यार्थ्यांच्या गणिती प्रारूपांच्या स्पर्धेसाठी परीक्षकांची गुणपत्रिका मराठीत करतेय. तीन रकाने आहेत. गृहीतकांचं समर्थन, मग 'व्हॅलिडेशन', मग निष्कर्षांतला प्रामाणिकपणा. मधल्याला मी 'पडताळा' लिहिलं, एका परीक्षकांनी ते खोडून 'वैधता' केलं. काय ठेवू?

दादूस: वैधता नको! ते वाचलं की जातवैधता समितीकडे घातलेले खेटे आठवतात. पोरांना वाटेल अहवालासोबत आजोबांचा शाळेचा दाखलाही जोडायचाय.

जुनी_पाटी: साधा 'ताळा' म्हणा. गुणाकार झाला की आम्ही नवाचा ताळा घ्यायचो. पडछाया, पडसाद यांतला 'पड' म्हणजे प्रति, म्हणजे पडताळा हाही ताळाच. उगाच दोन अक्षरं जास्त कशाला?

परळचा_उंदीर: दोन्हींच्या अर्थामध्ये फरक आहे, जुनी_पाटी. ताळा हिशेब आतून जुळतो का ते सांगतो, तोही आंधळेपणाने. उत्तर ४५ ऐवजी ५४ लिहा, अंकांची बेरीज तीच, म्हणून नवाचा ताळा जमतोच. पडताळा बाहेरच्या जगाशी घ्यायचा असतो. समीकरण बरोबर सोडवलं हा ताळा. ते समीकरण प्लेगला लागू पडतं का, हा पडताळा.

शुभदा_के: पण आकडे वक्रावर नीट बसले की पडताळा झालाच ना? आमच्या कॉलेजात आलेख चिकटवला की त्या रकान्याचे गुण मिळायचे.

परळचा_उंदीर: तिथेच पोरं फसतात. प्लेगचंच उदाहरण घ्या. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीच्या गणितावर निबंध लिहिला. त्यात मुंबई बेटावरच्या प्लेगच्या आठवडी मृत्यूंचा आलेख आहे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६. त्यावर बसवलेला वक्र असा:

```
dz/dt = 890 sech²(0.2t − 3.4)
```

dz/dt म्हणजे आठवड्याचे मृत्यू, t म्हणजे आठवडे. कंस शून्य होतो t = 17 ला, म्हणजे एप्रिलच्या मध्यात शिखर, आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू. दिसायला सुरेख बसतो. पण घंटेसारख्या वक्राला उंची, रुंदी आणि शिखराची वेळ हे तीनच आकडे लागतात, आणि ते त्याच आकडेवारीतून काढलेत. प्रारूपात मात्र लागण्याजोगे किती, सुरुवातीचे रुग्ण किती, संसर्गाचा वेग, रोग संपण्याचा वेग, अशा चार अज्ञात गोष्टी. तिनातून चार निघत नाहीत. म्हणजे अगदी वेगळ्या किमती घालूनही हाच वक्र येतो.

शुभदा_के: मग पडताळा घ्यायचा कसा?

परळचा_उंदीर: न वापरलेली आकडेवारी आणा. हे प्रारूप म्हणतं, लागण्याजोगे संपत आले म्हणून साथ उतरली. पण मुंबईत १८९६ पासून प्लेग वर्षानुवर्षं येत राहिला. हिवाळ्यात चढायचा, ऐन उन्हाळ्यात उतरायचा. मग उतार माणसं संपल्याने की उन्हात पिसवा घटल्याने? एका वर्षाचा वक्र दोन्ही कारणांना सारखाच बसतो. पुढच्या वर्षाचा आलेख शेजारी ठेवला की शंका येते.

टाकीवाले_काका: आमच्या गावच्या पाणी योजनेच्या अहवालात माणशी १३५ लिटर धरलं होतं. का, तर पुस्तिकेत आहे. मार्चमध्ये विहिरीत किती उतरतं ते कुणी मोजलं नाही. टाकी भव्य आहे. कोरडी.

जुनी_पाटी: काका, हे 'गृहीतक' नव्हे, नुसतं 'गृहीत धरणं'. गृहीतकाला कारण हवं. आणि 'प्रारूप' तरी कशाला, 'मॉडेल' सगळ्यांना कळतं.

दादूस: पाटीबुवा, मघाशी शुद्ध मराठीचा झेंडा तुमच्याच हातात होता!

शुभदा_के: त्या १९२७ वाल्यांना रेवतीच्या पत्रिकेवर किती गुण?

परळचा_उंदीर: मृत्यूंनाच 'साथीतून बाहेर पडलेले' धरलं, त्याचं कारण दिलंय: नोंदलेल्यांपैकी ८० ते ९० टक्के दगावत. हे समर्थन. पुढे माणसांतला प्लेग म्हणजे उंदरांतल्या प्लेगचंच प्रतिबिंब, सगळ्या उंदरांना लागण्याची सारखीच शक्यता, पिसवा इतक्या की जणू स्पर्शानेच रोग पसरतो, असं बरंच धरलंय. त्याला आधार नाही, पण यातलं काहीच काटेकोर खरं नाही, म्हणून स्थिरांकांच्या किमतींवरून निष्कर्ष काढू नका, असं स्वतःच लिहिलंय. तिसऱ्या रकान्यात पैकीच्या पैकी. मधल्यात मी हात आखडता घेईन.

जुनी_पाटी: आणि पहिल्यात? कबुली म्हणजे समर्थन नव्हे. चोरानेही कबूल केलं तरी माल परत द्यावाच लागतो.

परळचा_उंदीर: इथे मालच जाहीर करून ठेवलाय. लपवलेल्या गृहीतकापेक्षा मी त्याला जास्त गुण देईन.

जुनी_पाटी: मी नाही देणार.

रेवती_न: मधला रकाना अजून रिकामाच आहे हो!

टाकीवाले_काका: आमच्या टाकीसारखा. ती पुस्तिका पाहिजे असेल तर माझ्याकडे आहे.